रेषेचं नॉर्मल फॉर्म: टॅनवरून काढलेला कोन चुकीच्या चरणात का पडतो?

प्रश्न: अकरावी सायन्सला आहे, पुण्यात. 3x − 4y + 20 = 0 ही रेषा नॉर्मल फॉर्ममध्ये लिहायची आहे. p = 4 बरोबर येतो. पण टॅनवरून α काढला की कॅल्क्युलेटर −53.13° दाखवतो आणि पुस्तकाच्या मागे उत्तर 126.87° आहे. नक्की कुठे चुकतंय? आणि y = mx + c येत असताना हे वेगळं रूप शिकायचंच कशासाठी?

उत्तर:

नॉर्मल फॉर्म म्हणजे x cos α + y sin α = p. यात p हे आरंभबिंदूपासून रेषेवर टाकलेल्या लंबाची लांबी आणि α हा त्या लंबाचा x अक्षाच्या धन दिशेशी असलेला कोन. तुमची गडबड भागाकारात आहे. sin α ला cos α ने भागलं की दोघांची चिन्हं एकमेकांत मिसळून जातात. कॉस ऋण आणि साइन धन असला तरी −4/3 येतो, कॉस धन आणि साइन ऋण असला तरीही −4/3 च येतो. कॅल्क्युलेटरला तुम्ही फक्त −4/3 सांगता, त्यामुळे या दोनपैकी तुमची स्थिती कोणती हे त्याला कळायला मार्ग नाही. शिवाय tan⁻¹ हे बटण नेहमी −90° आणि 90° यांच्या मधलाच कोन देतं. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणातला कोन त्यातून कधीच बाहेर येणार नाही.

म्हणून टॅनच्या वाटेला जाऊच नका. स्थिरपद उजवीकडे न्या: 3x − 4y = −20. p हे अंतर आहे, ते ऋण असू शकत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना −1 ने गुणा: −3x + 4y = 20. ही पायरी भागाकाराच्या आधी करायची. अनेक मुलं आधी भागतात आणि शेवटी p ऋण दिसला की फक्त p चं चिन्ह बदलतात, डावी बाजू तशीच ठेवतात. तिथे समीकरणच बदलतं. आता x आणि y च्या सहगुणकांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढा, इथे ते √(9 + 16) = 5, आणि सगळ्याला त्याने भागा:

−(3/5)x + (4/5)y = 4

x चा सहगुणक हाच cos α, y चा सहगुणक हाच sin α. cos α = −0.6, sin α = 0.8. कॉस ऋण, साइन धन, म्हणजे α दुसऱ्या चरणात. हातातल्या कॅल्क्युलेटरवर सगळ्यात सोपं म्हणजे cos⁻¹ दाबायचं, कारण त्याचं उत्तर ०° ते १८०° मध्ये येतं. साइन धन (किंवा शून्य) असेल तर तेच उत्तर घ्यायचं, साइन ऋण असेल तर ते ३६०° मधून वजा करायचं. इथे cos⁻¹(−0.6) = 126.87° आणि साइन धन आहे, तेव्हा काम झालं.

तुमच्या उदाहरणात कॅल्क्युलेटरने ऋण कोन दाखवला म्हणून निदान शंका तरी आली. खरा धोका तिसऱ्या चरणात आहे. 5x + 12y + 26 = 0 घ्या. चिन्हं बदलून आणि १३ ने भागून cos α = −5/13, sin α = −12/13, p = 2. टॅन मात्र 12/5 येतो, स्वच्छ धन, आणि कॅल्क्युलेटर 67.38° देतो. ते इतकं साळसूद दिसतं की कुणी पुन्हा बघतच नाही. बरोबर उत्तर 247.38° आहे: cos⁻¹(−5/13) = 112.62°, साइन ऋण, म्हणून 360° − 112.62°.

आता −53.13° लिहिलं तर नेमकं काय बिघडतं ते पाहू, कारण इथे चूक पाव-अर्ध्या अंशाची नाही. cos(−53.13°) = 0.6 आणि sin(−53.13°) = −0.8. p = 4 तसाच ठेवला तर समीकरण होतं 0.6x − 0.8y = 4, म्हणजे 3x − 4y = 20. ही तुमच्या रेषेला समांतर असलेली, पण आरंभबिंदूच्या पलीकडच्या बाजूची रेषा आहे. दोन्ही रेषा आरंभबिंदूपासून ४ एककांवर, एक डावीकडे वर आणि दुसरी उजवीकडे खाली. दोघींमधलं अंतर ८. चढ जुळतो, p जुळतो, रेषा मात्र वेगळी.

हे पकडायला एक छोटा ताळा पुरतो. आरंभबिंदूपासून टाकलेला लंब रेषेला जिथे मिळतो तो बिंदू (p cos α, p sin α) असतो. इथे तो (−2.4, 3.2). मूळ समीकरणात ठेवा: −7.2 − 12.8 + 20 = 0. बरोबर. चुकीच्या α ने तोच बिंदू (2.4, −3.2) येतो आणि 7.2 + 12.8 + 20 = 40 मिळतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, प्रत्येक गणितात करावं असं मला वाटतं.

हे सूत्र कुठून येतं ते चढाच्या मार्गाने सिद्ध केलेलं तुम्ही पाहिलं असेल: लंबाचा चढ tan α, म्हणून रेषेचा चढ −cot α, मग बिंदू-चढ रूप. ती सिद्धता sin α = 0 असताना अडते, उभ्या रेषेसाठी वेगळी ओळ लिहावी लागते. त्याऐवजी असा विचार करा. लंबाची दिशा पूर्वेपासून α कोनात आहे. पूर्वेकडे x चाललात तर त्या दिशेने तुमची प्रगती x cos α होते. उत्तरेकडे y चाललात तर y sin α. दोन्ही मिळून x cos α + y sin α ही संख्या सांगते की (x, y) हा बिंदू त्या दिशेने किती पुढे आहे. आणि रेषा म्हणजे त्या दिशेने बरोबर p इतके पुढे असलेले सगळे बिंदू. यात कुठेही भागाकार नाही, म्हणून कुठलाही अपवाद नाही. उभी रेषा x = 7 असेल तर α = 0°, p = 7. आडवी रेषा y = −3 असेल तर α = 270°, p = 3.

एक गोष्ट मुलं हमखास करतात: रेषेचा x अक्षाशी असलेला कोन काढायचा आणि त्यात ९०° मिळवायचे. तुमच्या रेषेचा चढ 3/4, म्हणजे तो कोन 36.87°, आणि त्यात ९० मिळवले की 126.87° येतो. पण हे इथे जुळलं एवढंच. 3x − 4y = 20 या समांतर रेषेचाही चढ 3/4 च आहे आणि तिचा α आहे 306.87°, म्हणजे 36.87° + 270°. रेषा आरंभबिंदूच्या कोणत्या बाजूला आहे ही माहिती चढात नसते, ती स्थिरपदाच्या चिन्हात असते. म्हणून आधी स्थिरपद उजवीकडे नेऊन धन करण्यावर मी इतका जोर देतोय.

रेषा आरंभबिंदूतूनच जात असेल तर p = 0, आणि मग α आणि α + 180° दोन्ही चालतात, कारण लंबाला ठरलेली बाजूच उरत नाही. अशा वेळी साधारणपणे ०° ते १८०° मधला कोन घेतात, म्हणजे y चा सहगुणक धन ठेवतात.

आता दुसरा प्रश्न, y = mx + c असताना हे कशाला. इथे एक खरं काम सोडवून दाखवतो, म्हणजे फरक दिसेल. पुण्याच्या कडेला, धायरी-आंबेगावच्या बाजूला, रस्ता प्लॉटच्या बाजूंना तिरका जाणं नवीन नाही. समजा प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यातली खुंटी हा आरंभबिंदू, x पूर्वेकडे, y उत्तरेकडे, मापं मीटरमध्ये. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेवर दोन खुंट्या मोजल्या: A(18, 1) आणि B(6, 17). रस्ता १२ मीटर रुंद आहे आणि रस्त्याच्या कडेपासून ३ मीटर सामासिक अंतर सोडायचं आहे असं धरू. (हे आकडे उदाहरणापुरते आहेत, प्रत्यक्षात रस्त्याच्या रुंदीवर आणि इमारतीवर ते ठरतात.)

A पासून B ची दिशा (−12, 16), लांबी २०. तिला लंब दिशा (16, 12), २० ने भागून (0.8, 0.6). p साठी A चे निर्देशक ठेवा: 0.8 × 18 + 0.6 × 1 = 15. लगेच B ने ताळा: 0.8 × 6 + 0.6 × 17 = 4.8 + 10.2 = 15. दोन्ही जुळले. मध्यरेषा:

0.8x + 0.6y = 15, α = 36.87°

p धन आला, म्हणून चिन्हं बदलायची गरज नाही. ऋण आला असता तर लंबाची दिशा उलटी धरली असा अर्थ झाला असता आणि तिन्ही संख्यांची चिन्हं एकदम बदलली असती.

रस्त्याची अलीकडची कड मध्यरेषेपासून ६ मीटर आत: 0.8x + 0.6y = 9. बांधकामाची रेषा तिच्याही ३ मीटर आत: 0.8x + 0.6y = 6. बस. कॉस आणि साइनला हात लावायचा नाही, फक्त p मधून मीटर वजा करायचे.

हेच y = mx + c मध्ये करून बघा. मध्यरेषा y = −(4/3)x + 25. ती ३ मीटर सरकवायची म्हणून कोणी c मधून ३ वजा केले तर रेषा प्रत्यक्षात 3 × 0.6 = 1.8 मीटरच सरकते, कारण c हे y अक्षावर उभं मोजलेलं अंतर आहे, रेषेला लंब मोजलेलं नाही. ३ मीटर सरकवायला c मध्ये ५ चा फरक करावा लागतो. आपल्या उदाहरणात एकूण ९ मीटर आत यायचं आहे, त्यासाठी c हा २५ वरून १० वर येतो. ९ मीटर म्हणून १६ वर आणला तर बांधकामाची रेषा ३.६ मीटर रस्त्याकडे सरकलेली राहते. रेषा जितकी जास्त उभी, तितकी ही चूक मोठी, आणि पूर्ण उभ्या रेषेला तर c नसतोच.

अंतरही असंच सरळ मिळतं. कुठल्याही बिंदूचे निर्देशक डावीकडे ठेवून p वजा करा, जे येईल ते रेषेपासूनचं अंतर, चिन्हासकट. ऋण आलं तर बिंदू आरंभबिंदूच्या बाजूला, धन आलं तर रेषेच्या पलीकडे. तुमच्या पहिल्या रेषेसाठी (1, 2) हा बिंदू: −0.6 + 1.6 − 4 = −3, म्हणजे ३ एकक, आरंभबिंदूच्याच बाजूला. नेहमीचं सूत्र |Ax₁ + By₁ + C| / √(A² + B²) वापरलं तरी |3 − 8 + 20| / 5 = 3 च येतं. पण तिथे केवलमूल्याच्या उभ्या रेघांनी बाजूची माहिती पुसून टाकली. त्या रेघा काढून 3x − 4y + 20 मध्ये ठेवलेल्या किमतीचं चिन्ह बघाल, तर इथे ते धन आहे, नॉर्मल फॉर्ममधल्या चिन्हाच्या उलट. म्हणून बाजू ठरवायची असेल तर आधी p धन करून घेतलेलंच समीकरण वापरा.

प्लॉटवर परत येऊ. एका कॉलमचा मध्य (3.7, 4.8) वर आहे, कॉलम ३० सेंटिमीटरचा चौरस, बाजू अक्षांना समांतर. मध्यासाठी 0.8 × 3.7 + 0.6 × 4.8 − 6 = 2.96 + 2.88 − 6 = −0.16. कॉलमचा मध्य बांधकामाच्या रेषेच्या १६ सेंटिमीटर आत आहे. कॉलमचा अर्धा भाग १५ सेंटिमीटर, मग एक सेंटिमीटर राखून बसला, असं वाटतं. ते चुकीचं आहे. रेषा तिरकी आहे, तिच्या सगळ्यात जवळ कॉलमची बाजू येत नाही, कोपरा येतो. तो कोपरा (3.85, 4.95): 3.08 + 2.97 − 6 = +0.05. कोपरा ५ सेंटिमीटर बाहेर गेला. थोडक्यात, अर्ध्या बाजूला कॉस आणि साइनच्या किमतींच्या (चिन्ह सोडून) बेरजेने गुणायचं: 0.15 × (0.8 + 0.6) = 0.21 मीटर. कॉलमचा मध्य रेषेपासून किमान २१ सेंटिमीटर आत हवा.

साइटवर काम करणाऱ्यांकडून कोन घ्याल तर एक गोष्ट आधी विचारा: तो कुठून मोजला आहे? सर्व्हेमध्ये बेअरिंग उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात, आपला α पूर्वेपासून उलट दिशेने. लंबाचं बेअरिंग β असेल तर α = 90° − β, आणि समीकरण x sin β + y cos β = p असं होतं, कॉस आणि साइनच्या जागा बदलतात. वरच्या रस्त्याच्या लंबाचं बेअरिंग 53.13° आहे. ते तसंच α म्हणून ठेवलं तर 0.6x + 0.8y = 15 मिळतं, आणि A बिंदूवर 10.8 + 0.8 = 11.6 येतं, १५ नाही. कोन ४५° च्या जवळ असेल तर हा फरक इतका लहान होतो की नजरेतून सुटतो, म्हणून मोजलेल्या बिंदूने ताळा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कोनाचं पूर्णांकीकरणही इथेच लक्षात घ्या. 36.87° ऐवजी ३७° धरले तर फरक फक्त 0.13° चा. पण cos 37° = 0.79864, sin 37° = 0.60182 घेतल्यावर A वर 14.977 येतात आणि B वर 15.023. म्हणजे वीस मीटरच्या अंतरात रेषा एका टोकाला सव्वादोन सेंटिमीटर आत आणि दुसऱ्या टोकाला तितकीच बाहेर फिरली. चूक लंबपादापासून जितकं दूर जाल तितकी वाढते. म्हणून मी कॉस आणि साइन अपूर्णांकात किंवा चार-पाच दशांश स्थळांपर्यंत ठेवतो आणि α अंशांत शेवटी, विचारलाच असेल तर लिहितो. पेपरमध्येही −3/5 आणि 4/5 असंच ठेवा. दोन्हींच्या वर्गांची बेरीज १ येते का हे बघितलं की भागाकारातली चूकही कळते.

या रूपाचा गणिताबाहेरचा सगळ्यात ठळक उपयोग चित्रांमधल्या सरळ रेषा संगणकाने शोधण्यात आहे. हफ ट्रान्सफॉर्म ही पद्धत सुरुवातीला चढ आणि c वापरत असे, आणि उभ्या रेषांजवळ चढ अमर्याद वाढत असल्याने अडत असे. १९७२ साली डूडा आणि हार्ट यांनी तिथे कोन आणि लंब अंतर ही जोडी आणली. कोन ठरावीक मर्यादेत राहतो, अंतर चित्राच्या कर्णापेक्षा मोठं होऊ शकत नाही, म्हणून सगळं एका मर्यादित तक्त्यात बसतं. तिथे एक फरक लक्षात ठेवा: ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीमध्ये साध्या हफच्या फंक्शनला कोन ०° ते १८०° मध्येच असतो आणि त्या बदल्यात अंतर ऋण येऊ शकतं. 3x − 4y = 20 ही रेषा आपण α = 306.87°, p = 4 अशी लिहितो, तिथे तीच 126.87° आणि −4 अशी दिसेल. कॉस, साइन आणि p या तिन्हींची चिन्हं एकदम बदलली आहेत, म्हणून रेषा तीच राहते. तुमच्या चुकीत नेमकं हेच झालं नव्हतं: कॉस आणि साइनची चिन्हं बदलली, p चं नाही.

पायथनमध्ये करून बघायचं असेल तर एवढं पुरे:

```python
from math import hypot, atan2, degrees
A, B, C = 3, -4, 20
k = hypot(A, B)
if C > 0:
    k = -k
c, s, p = A/k, B/k, -C/k
print(c, s, p, degrees(atan2(s, c)) % 360)
```

`atan2` साइन आणि कॉस वेगवेगळे घेतं, भागाकार करत नाही, म्हणून त्याला चरण कळतो. फक्त क्रम सांभाळा: पायथनमध्ये आधी साइन, मग कॉस. एक्सेलमध्ये मात्र `ATAN2` ला आधी x म्हणजे कॉस द्यावा लागतो, मग साइन. उत्तर रेडियनमध्ये येतं, म्हणून ते `DEGREES` ने अंशांत बदला. तिथे क्रम उलटा दिलात तर 126.87° ऐवजी −36.87° येईल. कॅसिओच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर हेच काम `Pol(−0.6, 0.8)` करतं. त्यात कोन ऋण आला तर ३६०° मिळवा, आणि कॅल्क्युलेटर डिग्री मोडमध्ये आहे ना ते आधी बघा. रेडियनमध्ये असेल तर 126.87 च्या जागी 2.2143 दिसेल.